"लग्नाचं काय ठरलं?" या मेसेजला उत्तर लिहिताना

दसरा झाला की आत्या, मावश्या, मामा आणि लांबचे काका यांच्या फोनला जोर येतो. कारण पंचांगात आहे. आषाढी एकादशीला सुरू झालेला चातुर्मास कार्तिकी एकादशीला संपतो, दुसऱ्या दिवसापासून तुळशीची लग्नं लागतात आणि मग माणसांच्या लग्नाचे मुहूर्त निघतात. कार्यालयं आधीच धरावी लागतात, म्हणून ज्यांच्या घरी पंचवीस-तिशीचं पोर बिनलग्नाचं आहे त्यांच्याकडे विचारणा दिवाळीच्या आतच होते. पूर्वी ती माणूस दारात आल्यावर व्हायची. आता व्हॉट्सअ‍ॅपवर होते आणि उत्तर लेखी द्यावं लागतं. तोंडी बोलणं विरून जातं, लेखी उत्तर मात्र सांगली-बेळगावपर्यंत फिरतं.

नमुन्यासाठी एक मेसेज घेऊ. पल्लवी म्हणू तिला. वय एकोणतीस, उद्यमनगरात एका कारखान्याच्या ऑफिसात हिशेब बघते, राजारामपुरीत आई-पप्पांबरोबर राहते. गडहिंग्लजची आत्या पप्पांची थोरली बहीण, घरात सगळे तिला आक्का म्हणतात. मेसेज असा:

"पल्लवी बाळ कशी आहेस. परवा निपाणीला बारशाला गेलेलो, सगळी विचारत होती पल्लवीचं कधी. मला काय सांगावं कळंना. तुझ्या बरोबरीच्या सगळ्या पोरी दिल्या. पप्पांची तब्येत बघतेस न्हवं, त्यांच्या डोळ्यादेखत झालेलं बरं. कागलचं एक स्थळ आहे, मुलगा बँकेत आहे, घर स्वतःचं. तुझा बायोडाटा दिलाय मी त्यांना. तुळशीची लग्नं झाली की उरकून टाकू. काय ते एकदा सांग."

आधी मेसेज उलगडून बघा

असल्या मेसेजमध्ये चार-पाच गोष्टी एकात एक गुंतवलेल्या असतात. त्या सुट्या केल्या नाहीत तर उत्तर नेहमी सगळ्यात बोचऱ्या वाक्याला जातं आणि कामाची गोष्ट तशीच राहते. पल्लवीला बोचलं ते "तुझ्या बरोबरीच्या सगळ्या पोरी दिल्या" हे वाक्य. त्याला उत्तर द्यायची काहीच गरज नाही, कारण त्यात प्रश्नच नाही.

निपाणीच्या बारशाचं वाक्य मात्र दिसतं त्यापेक्षा महत्त्वाचं आहे. आत्याची अडचण तिथं आहे. चार बायकांत भाचीबद्दल विचारलं गेलं आणि तिच्याकडं सांगायला काही नव्हतं. थोरली असून आपल्याला घरातलं माहीत नाही, हे तिला लागलंय. म्हणजे आत्याला निदान लोकांना सांगता येईल असं एक वाक्य हवंय. ते तुम्ही दिलंत तर अर्धं काम झालं.

पप्पांच्या तब्येतीचं वाक्य सगळ्यात अवघड. त्याला लग्नाच्या उत्तरात हात लावू नका. "पप्पांची काळजी मला नाही का?" असं लिहिलंत की आजारपण आणि लग्न ही एकच गोष्ट आहे हे तुम्हीच मान्य केलंत, आणि पुढच्या प्रत्येक तपासणीनंतर हाच प्रश्न येणार. तब्येतीबद्दल लिहायचंच तर दुसऱ्या दिवशी, वेगळ्या मेसेजमध्ये, फक्त डॉक्टर काय म्हणाले ते लिहा.

आणि राहिलं "बायोडाटा दिलाय मी त्यांना". हे एका ओळीत, जाता जाता सांगितलंय, पण आज काही करण्यासारखं आहे ते हेच. कागलला एक घर आता तुमच्या उत्तराची वाट बघतंय, तुमचा फोन नंबर, जन्मतारीख, जन्मवेळ आणि पगार हातात घेऊन. बाकीचा मेसेज आठवडाभर थांबला तरी चालेल, हे थांबू शकत नाही.

उत्तराआधी घरात बोला, आणि बोलणार कोण ते ठरवा

मेसेज मुलीला येतो, पण दाब येतो आईवर. पल्लवीनं कितीही नेमकं उत्तर लिहिलं तरी ते वाचून आत्या लगेच वहिनीला फोन लावणार, आणि आई फोनवर "अहो वन्सं, आम्हीपण सांगून थकलो, तुम्हीच समजवा" असं म्हणाली की मेसेज कचऱ्यात गेला. आईचा त्यात दोष नाही. नणंदेशी बोलताना वाद नको म्हणून असं बोललं जातं. पण आत्याला त्यातून कळतं ते एवढंच, की घर आपल्या बाजूनं आहे आणि पोरगी एकटी आहे.

म्हणून उत्तर टाइप करायच्या आधी जेवणानंतर दहा मिनिटं आई-पप्पांसमोर बसा. लग्न करायचं की नाही, कधी, कुणाशी, हा मोठा विषय त्या दहा मिनिटांत काढू नका. तो सुटणार नाही आणि जेवण तेवढं कडू होईल. विषय एवढाच ठेवा, की आक्काला आपण तिघांनी एकच वाक्य सांगायचं. उदाहरणार्थ: "पल्लवीशी आमचं बोलणं झालंय. ठरलं की पहिला फोन तुम्हालाच." आई-पप्पांना तुमचं म्हणणं पटलं नसलं तरी या वाक्याला ते सहसा तयार होतात, कारण त्यात त्यांना खोटं बोलावं लागत नाही आणि त्यांचा मानही राहतो.

हे वाक्य बोलायचं कुणी, यावर खूप अवलंबून असतं. ज्याचं माहेर किंवा ज्याची भावंडं, त्यानं बोलायचं. आत्याशी पप्पांनी, मामा-मावशीशी आईनं. आत्याला हे आईच्या तोंडून ऐकायला मिळालं तर "वहिनीनंच पोरीला फूस लावली" हा निष्कर्ष तयारच असतो आणि तो वर्षानुवर्षं पुसला जात नाही. पप्पा थोरल्या बहिणीपुढं बोलायला कचरतात? मग त्यांना समजावणीचं काही सांगू नका, तेवढं एक वाक्य पाठ करायला सांगा. भाऊ एकदा तसं बोलला की बहीण वहिनीला सहसा छेडत नाही.

तुमच्या मनात कुणी असेल, आणि ते घरी अजून माहीत नसेल, तर ही बैठक अवघड होते. अशा वेळी एक पथ्य पाळा. कुणालाही "माझं तसं काही नाही" असं लिहून देऊ नका. दोन वर्षांनी तोच मेसेज "तेव्हा आम्हाला खोटं सांगितलंस" म्हणून समोर येतो, आणि खऱ्या विषयापेक्षा त्या खोट्यावरच जास्त भांडण होतं. जे सांगायचं नाही ते न सांगता ठेवता येतं, त्यासाठी नाकारावं लागत नाही. लग्नच करायचं नाही असं ठरलं असेल तरी हेच. ती गोष्ट आधी आई-वडिलांना तोंडी सांगायची असते, आत्याला व्हॉट्सअ‍ॅपवर नव्हे.

ग्रुपवर विचारलं असेल तर

आत्यानं हे खासगीत लिहिलं, हे नशीब. पुष्कळदा प्रश्न फॅमिली ग्रुपवर पडतो, खाली हात जोडलेले चार इमोजी येतात आणि एखादे काका "आम्हीपण वाट बघतोय जेवणाची" असं टाकतात. तिथं फक्त एक ओळ टाका, "आत्या, तुला वेगळं लिहिते." मग आत्याचा मेसेज बोटानं दाबून धरा, मेनूतून Reply privately निवडा आणि सगळं तिथं लिहा. काकांना उत्तर नाही. ग्रुपवर दोन ओळींच्या वर गेलात की प्रत्येकाला मत द्यावंसं वाटतं, आणि आत्यालाही चारचौघांत माघार घेता येत नाही.

उत्तराला दोन दिवस लावू नका. निळ्या टिका दिसतात आणि "वाचूनसुद्धा बोलली नाही" हा दुसराच गुन्हा तयार होतो. लगेच लिहिण्यासारखी मनःस्थिती नसेल तर "आत्या, वाचलं. रात्री निवांत लिहिते" एवढं पाठवा आणि खरंच रात्री लिहा. व्हॉइस मेसेज नको. तो आत्या सोप्यात बसून मोठ्यानं लावणार, सगळं घर ऐकणार, आणि तुमचा आवाज जरा चढला असला तर लक्षात तेवढाच राहणार.

मसुदा

पल्लवीचा पहिला मसुदा रागाचा होता: "माझं लग्न हा माझा प्रश्न आहे, लोकांना काय सांगायचं ते तुझं तू बघ." हा पाठवला असता तर आत्याला मुद्दा सोडून वागणुकीवर बोलायची मोकळीक मिळाली असती. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, कारण असं पाठवू नये हे बहुतेकांना कळतं.

खरा घोळ दुसऱ्या मसुद्यात असतो, आणि तो फार भलेपणानं होतो:

"हो आत्या, बघू. सध्या ऑफिसात जरा गडबड आहे. मार्च एंड झाला की विचार करते."

वाचायला गोड आहे. पण आपल्याकडं "बघू" म्हणजे अर्धा होकार, हे आत्याला पक्कं माहीत आहे. तीही पाहुण्यांना तसंच सांगते. "सध्या" म्हटलं की अडचण आजची आहे, उद्या संपेल. आणि मार्च एंड तर तुम्ही स्वतःहून दिलेली तारीख झाली. एकतीस मार्चला हिशेबाची वर्षअखेर संपते आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी फोन वाजतो, तोही या वेळी तुमच्याच शब्दावर. कारण कुठलंही द्या, त्यावर तोड निघते. नोकरीचं कारण दिलंत तर मुलाकडचे नोकरी करू देतात. घराचा हप्ता म्हणालात तर दोघं मिळून फेडाल. बढतीचं नाव काढलंत तर लग्नानंतर नशीब उघडतं. या उत्तरात कारण नसणं हेच त्याचं बळ.

पत्रिका जुळत नाही, योग दिसत नाही, ही जुनी आणि सभ्य पळवाट आहे. समोरच्या घराला नकार कळवताना ती अजूनही चालते, कुणाचा अपमान होत नाही. पण आत्याला हे सांगून उपयोग नाही. ती आपल्या गुरुजींकडून पुन्हा जुळवून आणेल, किंवा पुढच्या वेळी छत्तीसपैकी तीस गुण घेऊनच येईल.

मग लिहायचं काय? चार गोष्टी, याच क्रमानं. नेहमीची हाक आणि साधी विचारपूस. तिच्या आपुलकीची एक ओळ, खरी असेल तेवढीच. मग ठाम भाग. शेवटी नातं पुढं चालू आहे हे दाखवणारी एखादी ठोस गोष्ट, दिवसासकट. पल्लवीनं पाठवलेला मेसेज हा:

"आत्या, मी बरी आहे. निपाणीत तुला सगळ्यांनी धरलं म्हणजे अवघडच झालं असणार. माझ्या काळजीनं विचारतेस हे मला माहीत आहे. लग्नाबद्दल माझं आणि आई-पप्पांचं बोलणं झालंय. काही ठरलं तर पप्पा पहिला फोन तुला करतील, तोवर हा विषय राहू दे. कुणी विचारलं तर 'ठरलं की सांगू' एवढंच सांग. कागलच्या मंडळींना मात्र आजच कळव की आमच्याकडून पुढं जायचं नाही, उगाच वाट बघायला नकोत. आणि माझा बायोडाटा यापुढं मला विचारल्याशिवाय कुणाला देऊ नको गं. रविवारी सकाळी फोन करते, गुडघ्याचं काय म्हणाले डॉक्टर ते सांग."

आता यातले बारकावे. पल्लवी आत्याला लहानपणापासून "तू" म्हणते, म्हणून इथंही "तू"च. रागात आपण अचानक "तुम्ही"वर जातो आणि समोरच्याला पहिला चटका तिथंच बसतो. उलटही खरं, ज्या काकांना कायम अहो-जाहो केलं त्यांना ठाम व्हायचं म्हणून तुटक एकेरीत बोलू नका. पल्लवीच्या मेसेजमध्ये "सॉरी" कुठंही नाही, कारण चूक झालेली नाही. एकदा माफी मागितली की विषय पुन्हा उघडतो. "ठरलं तर" लिहिलंय, "ठरेल तेव्हा" नाही. हा फरक छोटा आहे, पण लग्न होणारच असं वचन त्यातून जात नाही. लोकांना सांगायचं वाक्य आत्याच्या हातात दिलंय. आणि "देऊ नको गं" मधला तो "गं" काढून बघा, तेच वाक्य नोटिशीसारखं वाटेल. इमोजी शक्यतो नकोत. ठाम ओळीनंतर हसरा चेहरा टाकला की ती ओळ मस्करीत जमा होते.

पाठवण्याआधी एकच कसोटी लावा. आत्यानं हा मेसेज जसाच्या तसा सगळ्या नातेवाइकांना पुढं पाठवला तर त्यातली कुठली ओळ तुम्हाला नको वाटेल? ती काढा. पाठवल्यावर चूक दिसली तर व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज पंधरा मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो, पण त्याला "Edited" असा शिक्का बसतो. पाठवून पुसून टाकणं त्याहून वाईट. काय लिहिलं होतं याची कल्पना आत्या स्वतः करेल आणि ती तुमच्या मूळ मेसेजपेक्षा नक्की जहाल असेल.

बायोडाटा मागं घेणं

दुसऱ्या दिवशी पप्पांनी आक्काला फोन करून दोनच गोष्टी विचारायच्या: कागलला कळवलं का, आणि बायोडाटा आणखी कुणाकुणाला गेलाय? वधू-वर सूचक मंडळाच्या ग्रुपवर टाकला असेल तर तिथून काढायला सांगा. एकदा फिरलेली पीडीएफ परत येत नाही हे खरं, पण मूळ ठिकाणाहून काढली तर नवे फोन थांबतात. नंतर कधी स्वतःहून बायोडाटा करायची वेळ आली तर त्यात स्वतःचा मोबाईल नंबर आणि राहत्या घराचा पूर्ण पत्ता घालू नका. पप्पांचा नंबर आणि गावाचं नाव पुरतं. जन्मवेळ पत्रिकेपुरती, मागितली तर द्यायची.

आत्या म्हणेल, "मी शब्द दिलाय त्यांना, आता तोंड कसं दाखवू? नुसतं बघून तर घे." इथं पुष्कळ जण विरघळतात. बघण्याचा कार्यक्रम तुम्हाला नुसता वाटतो, समोरच्या घराला नाही. ते सुट्टी काढून येतात, त्यांच्याकडंही चार माणसांत बोलणं होतं, आणि मग नकार दिलात तर आत्याची जास्त पंचाईत होते. तिला हेच सांगा: "पोहे खाऊन नाही म्हणण्यापेक्षा आत्ता नाही म्हटलेलं तुला सोपं जाईल."

त्यानंतर येणारं उत्तर

बहुतेक वेळा रुसवा येतो. "बरं बाई, आम्ही कोण सांगणारे." याला घाबरून मेसेज मागं घेऊ नका आणि लांबलचक खुलासाही लिहू नका. दुसरं उत्तर पहिल्यापेक्षा छोटं हवं, तिसरं त्याहून. पल्लवीनं लिहिलं, "तू कोण ते माहीत आहे म्हणून तर स्पष्ट लिहिलं. रविवारी फोन करते." आणि रविवारी खरंच फोन केला. हा फोन चुकवू नका. तो केला नाही तर मेसेजमधला गोड भाग निव्वळ तोंडदेखला ठरतो. फोनवर विषय निघाला तर "ते लिहिलंय ना मी" म्हणून सरळ गुडघ्यावर या.

मग भाऊबीज येते. कार्तिक शुद्ध द्वितीया, म्हणजे तुळशीच्या लग्नाच्या जेमतेम दहा दिवस आधी, आणि आत्या भावाला ओवाळायला घरात हजर. ताट हातात असताना "यंदा मला ओवाळणीत जावई दाखवा" असं काहीतरी येणार, हे धरूनच चाला. हे उत्तर पप्पांचं आहे, तुमचं नव्हे. "आक्का, बोललोय आपण" एवढं त्यांनी म्हणावं आणि पाकीट ताटात ठेवावं. तुम्ही त्या वेळी हसून चहाकडं गेलात तरी चालतं. चारचौघांत पुन्हा सगळं सांगायला बसलात तर आत्याच्या जोडीला काकू आणि शेजारीणही बोलायला लागतात.

काम झालं की नाही हे आत्याच्या तुमच्याशी असलेल्या बोलण्यावरून कळत नाही, आईच्या फोनवरून कळतं. आईला दबक्या आवाजात फोन चालू राहिले तर विषय मिटलेला नाही, फक्त वाट बदललीय. अशा वेळी तुम्ही मध्ये पडू नका, पप्पांनीच बहिणीला पुन्हा तेच वाक्य सांगावं, शब्द न बदलता. शब्द बदलले की आत्याला वाटतं, मत बदलतंय. दुसरी खूण म्हणजे काही न लिहिता आलेला एखाद्या मुलाचा फोटो. त्याला "आत्या, हे नको. बायोडाटा दिला नाहीस ना?" एवढंच लिहा. त्यानंतरही फोटो येत राहिले तर फोटोंना उत्तर बंद करा, मात्र तिच्या बाकीच्या मेसेजना, सणाच्या शुभेच्छांना, तब्येतीच्या चौकशीला नेहमीसारखं लिहीत राहा. कुठल्या बोलण्याला उत्तर मिळतं हे माणसाला दोन-तीन महिन्यांत उमगतं.

हे सगळं काळजीपोटी किंवा लोकलाजेपोटी विचारणाऱ्या नातेवाइकांसाठी आहे. फोन काढून घेणं, नोकरी सोडायला लावणं, घराबाहेर पडू न देणं, मारहाणीची धमकी, असं काही असेल तर मऊ मेसेजनं काम होणार नाही. बाईसाठी 181 ही महिला हेल्पलाइन आहे, तातडीच्या वेळी कुणालाही 112. मुलगी अठराच्या किंवा मुलगा एकविसाच्या आतला असेल तर लग्न ठरवणं हाच 2006च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याचा विषय होतो, आणि तिथं 1098 वर फोन करायचा असतो, आत्याला समजवत बसायचं नसतं.